चौदाशे शब्द, तीन मिनिटं

कॅनॉटमध्ये कॉफी पीत बसलो होतो. वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी बघणारा माझा मित्र म्हणाला, ‘‘तुझा तो नहरीवरचा लेख जाम भारी होता यार!’’ मी खूश. विचारलं, ‘‘कुठला भाग आवडला?’’ तर साहेब म्हणतात, ‘‘फोटो.’’ मग हळूच, ‘‘पूर्ण नाही वाचला गं. व्हिडिओ असता तर कंपनीच्या बसमध्ये बघितला असता.’’

झालं! त्याच वीकएंडला मी लॅपटॉप उघडला. लेख माझाच, विषय आपल्याच शहराचा, म्हणजे मलिक अंबरनं आणलेली नहर आणि नंतरची पाणचक्की. मजकूर तयार आहे, आवाज माझा, चित्रं इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या स्टॉक क्लिप्सची. दोन तासांत संपवू, असा फंडा होता. लागले तीन वीकएंड. त्यातला एक पूर्ण वीकएंड तर फक्त चार सेकंदांसाठी गेला. त्या चार सेकंदांकडे येऊच, पण आधी सुरुवातीपासून.

लेख मोठ्यानं वाचा, घड्याळ लावून

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे लेख जसाच्या तसा वाचून फोनवर रेकॉर्ड केला. चौदाशे शब्द. साडेअकरा मिनिटं! माझा वाचायचा वेग मिनिटाला साधारण १२० शब्दांचा निघाला. तुमचा थोडा वेगळा असेल, म्हणून एक परिच्छेद वाचून स्वतःच मोजा. आता साडेअकरा मिनिटं कंपनीच्या बसमध्ये कोण बघणार? मी तीन मिनिटांचं टार्गेट ठेवलं. म्हणजे हातात शब्द उरले साडेतीनशे. चौदाशेतले हजारावर शब्द गेले की हो!

पण शब्द कापणं ही अर्धीच गोष्ट. खरी गंमत अशी, की छापलेलं वाक्य कानाला झेपत नाही. माझ्या लेखातलं हे वाक्य बघा: ‘निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० साली खडकी हे शहर वसविल्यानंतर वाढत्या लोकसंख्येस पाणीपुरवठा करण्याच्या हेतूने उत्तरेकडील डोंगरातून भूमिगत नहर आणली.’ डोळ्यांना ठीक आहे. मागे जाता येतं, ‘याने’ म्हणजे कोणी ते पुन्हा बघता येतं. कानाला मागे जाता येत नाही. क्रियापद येईपर्यंत ऐकणारा मलिक अंबरला विसरलेला असतो.

व्हिडिओत ते असं झालं: ‘साल १६१०. मलिक अंबरनं इथं एक शहर वसवलं. नाव ठेवलं खडकी. शहर झालं, माणसं आली. आता पाणी हवं. नदी होती, पण छोटी. मग त्यानं डोंगराकडे बघितलं.’ शब्द जवळपास तेवढेच आहेत. फक्त एका वाक्यात एकच गोष्ट आहे, आणि प्रत्येक वाक्यासोबत एक चित्र दाखवता येईल अशी ती तुटली आहेत. हे दुसरं महत्त्वाचं. ‘वाढत्या लोकसंख्येस पाणीपुरवठा करण्याच्या हेतूने’ याचं चित्र काय काढणार? ‘माणसं आली’ याचं मात्र काढता येतं.

आता या कापाकापीतला खड्डा सांगते. मी त्यात पडले म्हणून. जागा वाचवायच्या नादात मी एक वाक्य लिहिलं: ‘मलिक अंबरनं नहर आणली आणि पाणचक्की फिरू लागली.’ कसलं सही वाक्य! आठ शब्द, मस्त लय. आणि साफ चूक. मलिक अंबरची नहर सतराव्या शतकातली. पाणचक्की अठराव्या शतकातली, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली, आणि तिला पाणी देणारी नहरही वेगळी. मधे शंभराहून जास्त वर्षं. लेखात या दोन गोष्टींमध्ये तीन परिच्छेद होते. ते मी उडवले आणि त्यांच्याबरोबर शंभर वर्षंही उडाली. मूळ लेखातला एकही शब्द चुकीचा नव्हता. दोन बरोबर गोष्टी ‘आणि’नं जोडल्या, एवढंच.

तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे. स्क्रिप्ट लहान करून झाली, की त्यातले ‘आणि’, ‘म्हणून’, ‘मग’ यांवर लाल गोल करायचे. प्रत्येकाला विचारायचं, की हा जोड मूळ लेखात होता का, की माझ्या कात्रीनं तयार केला? माझ्या साडेतीनशे शब्दांत असे अकरा गोल निघाले. दोन खोटे होते. पाणचक्कीचं वाक्य शेवटी असं झालं: ‘पुढे शंभरेक वर्षांनी याच शहरात आणखी एक नहर आली. तिच्या पाण्यावर पीठ दळलं जाऊ लागलं.’ सहा-सात सेकंद खाल्ली त्यानं. खाऊ देत.

`canal` शोधाल तर व्हेनिस मिळेल

आता चित्रं. पेक्सेल्स आणि पिक्साबे या दोन साइट्सवर चांगल्या क्लिप्स फुकट मिळतात. दोन्हींची मालकी २०१९पासून कॅन्व्हाकडे आहे. लॉगइन न करताही डाऊनलोड होतं. फक्त शोधायचं इंग्रजीत, आणि तिथेच सगळा घोळ आहे.

नहरीसाठी मी `canal` टाकलं. व्हेनिस! गोंडोला, पट्ट्यापट्ट्यांचा टी-शर्ट घातलेला नावाडी, सगळं. मग `aqueduct` टाकलं. रोमन कमानी, उंचच उंच, त्यावरून जाणारं पाणी. आपली नहर नेमकी उलटी, जमिनीखालून जाणारी, दिसूच नये अशी. `water mill` टाकलं, तर युरोपातलं लाकडी चाक, उभं, घराच्या भिंतीला लावलेलं, शेवाळ आलेलं. इतकं सुंदर, की मोह आवरेना. पण पाणचक्की बघून आलेल्यांना आठवेल, तिथं असं चाक नाहीच. तिचं पातं खाली आडवं फिरतं आणि त्याच दांड्यावर वर जातं बसवलेलं असतं. मी ते लाकडी चाक टाकून बघितलं. आईला दाखवलं. आई म्हणाली, ‘‘अगं, हे चाक आता काढून टाकलं का तिथून?’’ झाली ना पंचाईत! आवाज ‘पाणचक्की’ म्हणतोय आणि पडद्यावर चाक फिरतंय, म्हटल्यावर बघणारा ते पाणचक्कीचंच समजणार. खाली बारीक अक्षरात ‘प्रातिनिधिक चित्र’ लिहिलं म्हणून कोणी वाचत नाही.

लेख पेस्ट केला की आपोआप व्हिडिओ बनवून देणारी सॉफ्टवेअर आहेत, त्यांतलं एक मी गंमत म्हणून वापरून पाहिलं. ते वाक्यातला एखादा शब्द उचलतं आणि त्या नावाची क्लिप लावतं. मार्केटिंगच्या प्रेझेंटेशनला ठीक आहे, तिथं हसरी माणसं आणि लॅपटॉप कुठलेही चालतात. माझ्या नहरीवर मात्र तिथेही गोंडोलाच आला.

म्हणून मग मी स्क्रिप्टचे दोन रकाने केले. टीव्हीवाले पूर्वीपासून करतात तसे. उजवीकडे बोलायचं वाक्य, डावीकडे चित्र. मास कॉमच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं, तेव्हा बोअर वाटलं होतं. डावा रकाना भरताना प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला: हे वाक्य कुठल्याही गावाबद्दल खरं आहे, की फक्त इथल्याबद्दल?

‘आता पाणी हवं’ हे कुठल्याही गावाबद्दल खरं. कोरडी भेगाळलेली जमीन, रिकामा घडा, काहीही चालेल. ‘पाऊस डोंगरावर पडतो, मुरतो, आणि खाली हळूहळू पाझरतो’ यालाही स्टॉक चालेल, कारण पाऊस जगभर तसाच मुरतो. पण ‘मलिक अंबर’, ‘खडकी’, ‘पाणचक्की’, ‘नहर’ ही नावं वाक्यात आली, की स्टॉक बंद. तिथं खरी जागा दाखवायची, नाहीतर नकाशा, नाहीतर कोऱ्या पार्श्वभूमीवर नुसती अक्षरं. कोरी पार्श्वभूमी कंटाळवाणी वाटेल, पण ती खोटं बोलत नाही.

मधली एक जागा मात्र आहे आणि ती मला आवडली. `qanat` शोधलं तर इराणमधले जमिनीखालचे पाण्याचे बोगदे आणि त्यांच्या विहिरींसारख्या तोंडांची ओळ दिसते. डोंगरातलं पाणी उतारानं जमिनीखालून आणायचं तंत्र समजवायला याहून बरं चित्र नाही. ते मी वापरलं, पण स्क्रिप्टमध्येच सांगून: ‘इराणमध्ये असे बोगदे आजही दिसतात.’ पडद्यावरही मोठ्या अक्षरात ‘इराण’. परकं चित्र वापरायला ना नाही, त्याचं गाव आवाजानं सांगितलं पाहिजे.

हिशेब सांगते. एक चित्र पाच सेकंदांच्या आसपास ठेवलं, तर तीन मिनिटांना छत्तीस चित्रं लागतात. माझ्या छत्तिसातली स्टॉक निघाली फक्त तेरा. सहा नकाशे आणि अक्षरं. दोन जुनी चित्रं. उरलेली पंधरा शूट करायला एक रविवार आणि स्कूटीत दोनशेचं पेट्रोल. सकाळी लवकर पाणचक्की, कारण दहानंतर हौदाच्या पाण्यावर ऊन असं चमकतं की फोनला काही दिसत नाही. फोन आडवा धरून, कठड्यावर टेकवून, एका जागी न हलवता दहा सेकंद. एवढंच. ट्रायपॉड न्यायचा असेल तर तिथं आधी विचारून घ्या. आतल्या खोलीत ट्यूबलाइट असेल आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर फोनमध्ये २५ फ्रेम्स आणि १/५० शटर निवडा. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची असल्यानं पट्टे जातात.

ते चार सेकंद

आता येते त्या प्रसंगावर.

मलिक अंबरची गोष्ट सांगायची तर त्याचा चेहरा हवा. माणूस केवढा! आफ्रिकेत इथिओपियात जन्म, गुलाम म्हणून विकला गेला, आणि निजामशाहीचा वजीर होऊन त्यानं मुघलांना वर्षानुवर्षं दख्खनमध्ये रोखून धरलं. चित्रं आहेत त्याची. हाशिम नावाच्या मुघल चित्रकारानं काढलेलं एक व्यक्तिचित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. ते मी सुरुवातीला वापरलं. दुसरं चित्र जास्त ड्रॅमॅटिक. अबुल हसननं काढलेलं, सध्या डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात. जहांगीर बादशाह पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर लावलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतोय. चारशे वर्षांपूर्वीचं चित्र, रंग अजून झळझळीत. वाटलं, पैसे वसूल!

स्क्रिप्टमध्ये शेवटाकडे वाक्य होतं: ‘१६२६ साली मलिक अंबर गेला. नहर वाहत राहिली.’ पहिल्या वाक्यावर ते चित्र. चार सेकंद. हळूच झूम. मागे सारंगी. मला स्वतःलाच काटा आला. व्हिडिओ पूर्ण झाला, ग्रुपवर टाकला, थम्ब्सचा पाऊस.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या इतिहासाच्या सरांचा फोन. सर आता निवृत्त आहेत, पण आवाज तोच. म्हणाले, ‘‘बेटा, आवाज छान आहे तुझा. एक सांग, मलिक अंबर कसा गेला?’’ मी म्हटलं, ‘‘सर, १६२६ साली...’’ ‘‘साल नाही विचारलं. कसा?’’ मी गप्प. सर म्हणाले, ‘‘म्हातारा होऊन गेला तो. जहांगिराच्या हाती कधी लागलाच नाही. म्हणून तर बादशहानं चित्रात मारून घेतला. तू मात्र माझ्या नातवाला दाखवलंस की मुंडकं उडवलं. त्यानं मला येऊन तसंच सांगितलं.’’

मी व्हिडिओ पुन्हा पाहिला. माझ्या आवाजातला प्रत्येक शब्द खरा होता. चित्रही खरं होतं, सोळाशे सोळाच्या सुमाराचं, म्हणजे मलिक अंबर चांगला जिवंत असतानाचं. पण ‘गेला’ या शब्दावर ते मुंडकं आलं आणि दोघांनी मिळून एक तिसरंच वाक्य तयार केलं. ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. जहांगिराला जे रणांगणावर जमलं नाही, ते मी एडिटिंगमध्ये करून दिलं!

चूक बघायची युक्ती मला त्यानंतर सापडली. व्हिडिओ तयार झाला की आवाज पूर्ण बंद करायचा आणि ज्याला विषय माहीत नाही अशा कोणाला तरी दाखवायचा. मग विचारायचं, काय घडलं सांग. माझ्या मित्राला असा म्यूट व्हिडिओ दाखवला, तो म्हणाला, ‘‘एक काळा सरदार होता, त्यानं कालवा बांधला, राजानं त्याला मारलं.’’ पहिल्या दोन गोष्टी बरोबर आणि तिसरी माझी कर्तबगारी. लेख तपासायला जसं कोणाला वाचायला देतो, तसंच हे, फक्त शब्दांशिवाय. उलटंही करून बघा. डोळे मिटून नुसतं ऐका. कुठे ‘हा’, ‘इथे’, ‘असा’ येऊन अडखळायला झालं, तर ते वाक्य चित्राच्या कुबडीवर उभं आहे. ते चालतं, पण मग ते चित्र बरोब्बर त्याच क्षणी यायला हवं.

दुरुस्ती कशी केली? मुंडक्याचं चित्र काढलं नाही, जागा बदलली. आधी मधे आणलं आणि त्याच्यावर नवीन वाक्य घातलं: ‘जहांगिराला तो हरवता आला नाही. मग बादशहाच्या चित्रकारानं हे चित्र काढलं. असं कधी घडलं नाही.’ आता तेच चित्र बघणाऱ्याला मलिक अंबरची ताकद सांगतं. आणि ‘१६२६ साली गेला’ या वाक्यासाठी मी पुढच्या रविवारी स्कूटी काढून खुलताबादला गेले. त्याची कबर तिथं आहे. शांत जागा, एक बकरी, वाऱ्यानं हलणारं गवत. दहा सेकंद फोन धरला. चार वापरली.

आवाज आणि कागदपत्रं

आवाजाचं थोडक्यात. क्लिप्स लावायच्या आधी आवाज रेकॉर्ड करा. चित्रं आवाजाच्या मापानं कापता येतात, आवाज चित्राच्या मापानं ताणला की बातम्या वाचल्यासारखा होतो. माइक घेतला नाही मी. कपड्यांचं कपाट उघडून, त्यात तोंड घालून, फोन वीतभर लांब धरून बोलले. कपडे घुमणारा आवाज पिऊन टाकतात. पंखा बंद करावा लागतो, आणि आपल्या मे महिन्यात पंखा बंद करून कपाटात तोंड घालणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. एकेक परिच्छेद तीनदा बोला, सगळी स्क्रिप्ट एका दमात नको. चूक झाली तर थांबा, टाळी वाजवा आणि वाक्य पहिल्यापासून बोला. नंतर एडिटिंगमध्ये टाळीचा उंच दांडा लगेच दिसतो, शोधत बसावं लागत नाही.

आणि फुकट म्हणजे काहीही करायला मोकळीक नाही. पेक्सेल्सच्या अटींत साफ लिहिलंय, की क्लिपमधला ओळखू येणारा माणूस वाईट उजेडात दाखवायचा नाही. म्हणजे आपल्या ‘पाणीचोरी’वरच्या वाक्याला कुठल्या तरी देशातल्या बिचाऱ्या प्लंबरची क्लिप लावायची नाही. मला हे पटलंच. विकिमीडिया कॉमन्सवरच्या बऱ्याच चित्रांना फोटोग्राफरचं नाव आणि परवान्याचं नाव द्यावं लागतं, ते शेवटच्या पाटीवर. संग्रहालयाच्या स्वतःच्या साइटवरून फोटो घ्यायचा असेल तर तिथल्या अटी वेगळ्या असतात, त्या आधी वाचा. मी एक साधी एक्सेल शीट ठेवली: क्लिप कुठून घेतली, कधी, कुठल्या परवान्यावर. संगीताची ओळही त्यात टाका. माझ्या सारंगीवर दोन दिवसांत कॉपीराइटचा दावा आला होता. ती ‘फुकट’ लिहिलेल्या कुठल्याशा पानावरून घेतली होती आणि शीटमध्ये तिची ओळच नव्हती. शेवटी यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं दुसरं संगीत घातलं. सारंगीएवढं नाही जमलं, पण टेन्शन गेलं.

नवा व्हिडिओ तीन मिनिटं चौदा सेकंदांचा आहे. चौदा सेकंद शंभर वर्षांच्या आणि जहांगिराच्या नावे. मित्रानं कंपनीच्या बसमध्ये पूर्ण बघितला म्हणे. सरांना मी आधी म्यूट करून पाठवला आणि नातवाला दाखवायला सांगितलं. संध्याकाळी सरांचा मेसेज आला: ‘तो विचारतोय, बकरी कुणाची?’